किचनच्या वरच्या कपाटाचं एक शटर खाली आलंय, दोन्ही शटर एका रेषेत कशी आणायची?

कुळागर
म्हापशाला फ्लॅटमध्ये ओट्याच्या वर भिंतीतलं युनिट आहे. रुंदी 900 मिमी, उंची 720. दोन शटर, प्रत्येकी साधारण 447 मिमी रुंद, 18 मिमी प्लायची, बाहेरून लॅमिनेट. बिजागऱ्या आतल्या बाजूच्या कपवाल्या, सॉफ्ट क्लोज, प्रत्येक शटरला दोन. बसवल्याला चार वर्षं झाली. डाव्या शटरचा मधला कोपरा उजव्याच्या मानाने 3 मिमी खाली दिसतो. दोन्ही शटर वरच्या टोकाला जवळजवळ टेकतात आणि खाली मात्र पाच-सहा मिमी फट आहे. चवथीच्या आधी सरळ करायचंय. बिजागरीवर तीन-चार स्क्रू दिसतात, त्यातला कुठला कशासाठी ते कळत नाही. सुतार महिनाभर मोकळा नाही.

डिचोलीकर
सोपं आहे. जी पट्टी कपाटाच्या बाजूला ठोकलेली असते तिचे वरखाली दोन स्क्रू असतात आणि त्यांची भोकं लांबट असतात. वरच्या नि खालच्या दोन्ही बिजागऱ्यांचे ते स्क्रू अर्धा फेरा सैल करा, शटर 3 मिमी वर उचला, कोणालातरी धरायला लावा आणि पुन्हा घट्ट करा. पाच मिनिटांचं काम.

ओळंबा
डिचोलीकर, तुमची पद्धत संपूर्ण शटर सारखं खाली बसलं असेल तेव्हाची. इथे तसं नाही. शटर एका बाजूला झुकलंय. ते तसंच 3 मिमी वर सरकवलं तर मधला कोपरा जुळेल, पण बिजागरीकडचा कोपरा 3 मिमी वर चढेल आणि मधली फट वाकडीच राहील. शिवाय बहुतेक प्लेटांना वरखाली 2 मिमीच्या आसपासच जागा असते.

कुळागर यांनी दिलेली मापंच पुरेशी बोलकी आहेत. 447 रुंदीच्या शटरचा मोकळा कोपरा 3 मिमी उतरला असेल, तर तेवढ्याच कोनात त्याची 720 मिमीची उभी कड सुमारे 5 मिमी कलते. तुमच्या मधल्या फटीत वर-खाली फरक तेवढाच आहे. म्हणजे शटर स्वतः काटकोनात आहे, उजवं शटर जागेवर आहे, आणि डावं फक्त फिरलंय. वरचं टोक उजवीकडे, खालचं डावीकडे. हे सरळ करणारा स्क्रू उंचीचा नव्हे, बाजूचा.

शटर उघडून बिजागरीकडे बघा. शटरमध्ये गोल कप आहे, 35 मिमीचा. त्यातून निघालेला हात कपाटाच्या आतल्या बाजूवर बसवलेल्या प्लेटवर जातो. हातावर कपाच्या जवळ, पुढे जो स्क्रू आहे तो शटर डावी-उजवीकडे सरकवतो. मागे, भिंतीकडे जो आहे तो शटर आत-बाहेर घेतो. प्लेटवरचे वरखालचे दोन उंचीसाठी. काही प्लेटांवर त्याऐवजी मधोमध एकच फिरता स्क्रू असतो.

पण यातला एकही आत्ता फिरवू नका. चार वर्षं सरळ असलेलं शटर आपोआप 3 मिमी उतरत नाही, कुठेतरी काहीतरी सुटलंय. डावं शटर अर्धं उघडा, मोकळ्या कडेला खालून बोटांनी हलकं वर उचला आणि सोडा. हे करताना नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. हालचाल कुठे होते ते सांगा: कप शटरमध्ये हलतो, हात प्लेटवर हलतो, की प्लेट कपाटाच्या बाजूवर हलते. आणि युनिटचे दोन्ही कर्ण आतून-आतून नव्हे, बाहेरच्या कोपऱ्यांपासून मोजा. 900 बाय 720 ला 1152-1153 यायला हवेत.

सांजवेळ
आमच्या मुख्य दरवाजाचं दर पावसात हेच होतं. फणसाच्या लाकडाचं दार आहे, जूनमध्ये फुगतं आणि चौकटीला घासतं. वरच्या कडेला रंधा मारून घ्या, दोन मिमी काढलं की वर्षभर बघायला नको.

ओळंबा
सांजवेळताई, तो प्रश्न वेगळा आहे. घन लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, तिथे रंधा चालतो. तरी पावसात जास्त घेतला तर डिसेंबरात फट दिसते. प्लाय रुंदीला जवळजवळ वाढत नाही, आणि लॅमिनेटच्या कडेला रंधा मारला तर पट्टी उचकटून पाणी आत जाईल. इथे रंधा नको.

कुळागर
कर्ण मोजले. एक 1152, दुसरा 1153. उचलून पाहिलं, वरची प्लेट हलते. तिचा मागचा स्क्रू नुसता गोल फिरतो, घट्ट होतच नाही. पुढचा थोडा धरतो. खालची बिजागरी पक्की आहे.

ओळंबा
मग मूळ सापडलं. कर्णात एका मिमीचा फरक म्हणजे युनिट चौकोनात आहे, त्यामुळे भिंतीवरच्या हूकांना हात लावायची गरज नाही. (तो फरक चार-पाच मिमी असता तर आधी युनिट सरळ करावं लागलं असतं. चिऱ्याच्या भिंतीत गिलाव्याच्या थरापुरताच बसलेला खिळा किंवा प्लग पावसाळ्यात ढिला होतो आणि एक कोपरा उतरतो. तेव्हा बिजागऱ्या कितीही फिरवल्या तरी दोन महिन्यांत परत तेच.)

उघड्या शटरचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालच्या बिजागरीला आत दाबतं. म्हणून बहुतेक वेळा वरच्याच प्लेटचे स्क्रू सुटतात. स्क्रूचं भोक खाल्लेलं असताना बाजूचा स्क्रू फिरवून शटर सरळ केलं, तर सरळ दिसेल आणि प्लेट आणखी सैल होईल.

मांडवीकाठ
खाल्लेल्या भोकात काडेपेटीच्या दोन काड्या नि फेव्हिकॉल. स्क्रू परत आवळा. झालं.

ओळंबा
हलक्या शटरला आणि तात्पुरतं चालतं. पण काड्या भोकात एका बाजूला जमतात, स्क्रू दुसऱ्या बाजूला सरकतो आणि प्लेट एखादा मिमी तिरकी बसते. वरच्या बिजागरीला मी तरी ते करणार नाही. व्यवस्थित करायचं तर असं:

शटर काढा. क्लिपवाली बिजागरी असेल तर हाताच्या मागच्या टोकाला छोटी कळ असते, ती दाबली की हात प्लेटवरून सुटतो. आधी खालची सोडा, मग वरची, आणि शटर कोणीतरी धरलेलं असू दे. प्लेट काढण्यापूर्वी तिच्याभोवती बारीक पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. मग दोन्ही भोकं 8 मिमीच्या ड्रिलने 12 मिमी खोल मोठी करा. बाजूची फळी 18 मिमी आहे, तेव्हा ड्रिलला 12 वर टेप गुंडाळा, नाहीतर बाहेरचं लॅमिनेट फुटेल. 8 मिमीची लाकडी डोव्हेल गोंद लावून आत ठोका आणि पृष्ठभागाशी सपाट कापा. कोरड्या दिवसांत रात्रभर पुरे होतं. या हवेत पूर्ण एक दिवस द्या, कारण ओला गोंद बाहेरून सुकल्यासारखा दिसतो आणि स्क्रू घातला की डोव्हेलच फिरते. मग रेघेवर प्लेट ठेवून 2.5 मिमीचं भोक पाडा आणि 16 मिमीचा स्क्रू हातानेच आवळा. ड्रिल मशीनने आवळू नका, शेवटच्या पाव फेऱ्यात भोक खातं ते तिथेच.

डिचोलीकर
16 ऐवजी लांब स्क्रू, 20 चा घातला तर डोव्हेलची भानगडच नको.

ओळंबा
प्लेटची जाडी धरून 18 च्या फळीत 20 चा स्क्रू बाहेरच्या लॅमिनेटला टेकतो. आतून दिसत नाही, बाहेरून फोड येतो. जिथे शेजारी दुसरं कपाट लागून आहे आणि फळ्या दुहेरी आहेत तिथे लांब स्क्रू घाला, त्यासारखी पकड नाही. कुळागर यांचं युनिट कडेचं आहे की मधलं?

कुळागर
कडेचं. डावी बाजू उघडी आहे, खिडकीकडे. डोव्हेल करतो.

रानफूल
मधे विचारते. हॉलमधल्या उंच कपाटाला एकेका शटरवर तीन बिजागऱ्या आहेत. मी बाजूचा स्क्रू फिरवते तेव्हा वरची-खालची सरकते पण शटर मधे फुगल्यासारखं होतं आणि बंद होताना करकरतं.

ओळंबा
रानफूल, मधली बिजागरी दोघींच्या रेषेबाहेर राहिली आहे, म्हणून ओढाताण होतेय. आधी मधल्या बिजागरीचा हात प्लेटवरून सोडून द्या. शटर वरच्या आणि खालच्या बिजागरीवर सरळ करा. मग मधला हात परत प्लेटवर आणा. तो न ढकलता बसला पाहिजे. बसत नसेल तर शटर नव्हे, मधल्या बिजागरीचेच स्क्रू फिरवून तिला त्या जागी आणा. तीन किंवा जास्त बिजागऱ्या असल्या की क्रम हाच.

कुळागर
डोव्हेल करून एक दिवस थांबलो, शटर परत चढवलं. प्लेट आता अजिबात हलत नाही. कोपऱ्यातला फरक 3 वरून 1 मिमीवर आला. आता बाजूचा स्क्रू?

ओळंबा
हो, आता. मोकळा कोपरा 1 मिमी वर यायचा असेल तर दोन बिजागऱ्यांमध्ये मिळून किती सरकवायचं, ते त्यांच्यातल्या अंतरावर आहे. तुमच्या दोन कपांच्या मध्यांतलं अंतर मोजा. वरून-खालून 100 मिमी सोडून बसवलेले असतील तर 520 येईल. 520 भागिले 447, म्हणजे एका मिमीला सुमारे 1.2. हे सगळं एकाच बिजागरीवर घेऊ नका. वरच्या बिजागरीवर शटर 0.6 मिमी डावीकडे, म्हणजे कपाटाच्या बाहेरच्या बाजूकडे, आणि खालच्यावर 0.6 उजवीकडे. असं वाटून घेतलं की मधली फट जागेवरच राहून सरळ होते. एकाच बिजागरीवर केलं तर शटर सरळ होईल, पण अख्खंच बाजूला सरकलेलं दिसेल.

प्लेट दुरुस्त न करता सुरुवातीचे 3 मिमी स्क्रूवर काढायला गेला असता तर साडेतीन मिमी लागले असते. एका बिजागरीत दोन्हीकडे 2 मिमीच्या आसपासच वाव असतो.

डिचोलीकर
स्क्रू उजवीकडे फिरवला की शटर बाहेर जातं, डावीकडे फिरवला की आत, असं लक्षात ठेवा.

ओळंबा
ते सगळ्या बनावटींना सारखं नाही, आणि डाव्या-उजव्या शटरला बघणाऱ्याची बाजूही बदलते. दिशा पाठ करण्यापेक्षा मोजणं बरं. शटर बंद करून त्याच्या बिजागरीकडच्या कडेपासून कपाटाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर वरच्या कपाच्या पातळीवर स्टीलच्या पट्टीने घ्या आणि लिहून ठेवा. खालच्या कपाशीही तसंच. अर्धा फेरा फिरवा, बंद करा, पुन्हा मोजा. दिशा आणि एका फेऱ्याला किती सरकतं, दोन्ही कळतं. स्क्रूचं तोंड बहुतेक वेळा पोझीचं असतं, त्याला पीझेड 2 चं टोक लागतं. साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि तोंड खातो. काही बिजागऱ्यांमध्ये बाजूचा स्क्रू फिरवण्याआधी मागचा अर्धा फेरा सैल करावा लागतो. स्क्रू जड जात असेल तर जोर लावू नका, मागचा सैल करून बघा, आणि शेवटी तो आठवणीने आवळा.

मोरजीचा_वारा
माझा प्रश्न स्लायडिंगचा. बेडरूमचं दोन शटरचं वॉर्डरोब, खाली चाकं, वर गाइड. शटर 2100 उंच, 900 रुंद. डावं शटर बंद केलं की खाली डाव्या बाजूला टेकतं आणि वर 7 मिमी उघडं राहतं. चाकाच्या वर कडेला एक स्क्रू आहे. सुतार म्हणतो ट्रॅक बदला.

ओळंबा
ट्रॅक बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. डाव्या उभ्या फळीला ओळंबा लावा. फळीच कललेली असेल तर शटरला दोष नाही. ती सरळ असेल तर डावं शटर हळूहळू उजवीकडे नेत दर हातभर अंतरावर थांबवा आणि त्याच्या उभ्या कडेवर पाणसळ धरा. कल सगळीकडे सारखाच असेल तर चाकाचा प्रश्न. कल जागेनुसार बदलत असेल तर ट्रॅक कुठेतरी बसलाय. सोडून दिल्यावर शटर आपोआप एका बाजूला निघत असेल तर तिकडे ट्रॅकला उतार आहे.

मोरजीचा_वारा
फळी सरळ आहे. कल सगळीकडे सारखा, आपोआप सरकत नाही.

ओळंबा
मग चाक. इथे गणित किचनच्या शटरसारखंच, फक्त आधार उभ्या अंतराऐवजी आडव्या अंतरावर आहेत. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर 780 धरू, तुम्ही मोजून घ्या. वरचे 7 मिमी मिटवायला एका चाकात 7 गुणिले 780 भागिले 2100, म्हणजे 2.6 मिमी बदल लागतो. उंच शटरला चाकाचा एक मिमी वर जवळजवळ पावणेतीन मिमी होऊन दिसतो, म्हणून लोक दोन-तीन फेरे एकदम मारतात आणि शटर उलट बाजूला कलतं.

वरचं टोक डावीकडे यायला हवं, तेव्हा उजवीकडचं चाक खाली काढून शटरचा उजवा कोपरा उचलायचा. तुमच्या चाकाचा स्क्रू सरळ उचलणारा एम 6 बोल्ट असेल तर त्याचा एक फेरा म्हणजे एक मिमी, म्हणजे अडीच फेऱ्यांपेक्षा जरासं जास्त. तिरप्या खाचेवर चालणारा असेल तर फेऱ्यावर भरवसा नको, खालची फट मोजा. स्क्रू फिरवताना दुसऱ्याने शटर हँडलशी थोडं उचलून धरावं, नाहीतर 30-40 किलोचं वजन त्या छोट्या आट्यांवर येतं.

करण्याआधी वरच्या गाइडमध्ये किती जागा आहे ते बघा. उजवा कोपरा अडीच मिमी चढला आणि वरच्या पट्टीला घासला तर शटर अडकेल. जागा कमी असेल तर शटरचा उजवा कोपरा 1.3 ने उचला आणि डावा 1.3 ने उतरवा, खालचा ब्रश जमिनीला दाबला जात नाही ना तेवढं बघून.

मांडवीकाठ
मोरजीला समुद्राजवळ असाल तर चाकातच वाळू असणार. ट्रॅकमध्ये थोडं खोबरेल सोडा, मऊ चालतं.

ओळंबा
तेल दोन दिवस मऊ चालतं. मग त्यात वाळू नि धूळ चिकटून पेस्ट होते आणि नायलॉनच्या चाकावर सपाट पट्टा पडतो. असं चाक दर फेऱ्याला ठक-ठक करतं, ते फक्त बदलायचं. ट्रॅक कोरड्या ब्रशने झाडा, व्हॅक्यूम लावा, आणि काही घालायचंच तर कोरडं सिलिकॉन स्प्रे, तेही फडक्यावर घेऊन.

मांडवीकाठ
आमच्याकडचे मेस्त वर्षानुवर्षं ग्रीस लावतात आणि चालतं. स्टीलच्या बेअरिंगच्या चाकाला तरी लागतंच ना?

ओळंबा
बंद बेअरिंगच्या आत ग्रीस भरलेलंच असतं. बाहेरून ट्रॅकवर लावलेलं त्याच्यापर्यंत जात नाही. उघड्या बेअरिंगला थेंबभर घालायला माझी हरकत नाही. ट्रॅकवर नको.

रानफूल
मधली बिजागरी सोडून केलं, करकर थांबली, आभार. पण एका शटरचा वरचा कोपरा अजून 4 मिमी बाहेर राहतो. खालचा टेकतो. वरच्या बिजागरीचा आत-बाहेरचा स्क्रू शेवटपर्यंत नेला.

ओळंबा
शटर बहुधा पिळलेलं आहे. शटर काढून कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोऱ्या ताणून फुलीसारख्या लावा, मधे एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. एक दुसरीपासून दूर राहिली तर शटरमध्ये पीळ आहे. आतल्या बाजूला लॅमिनेट आहे की नुसता रंग?

रानफूल
आत नुसता रंग. दोऱ्यांमध्ये 2 मिमी अंतर आहे. दोऱ्यांची जागा वरखाली बदलून पाहिली, तेव्हा दबून टेकल्या.

ओळंबा
मध्यात 2 म्हणजे कोपऱ्यात 4, तुमच्या मापाशी जुळतं. बाहेर 1 मिमीचं लॅमिनेट आणि आत नुसता रंग असेल तर दमट हवा आतूनच शिरते आणि फळी एका बाजूने ओढली जाते. उपाय वाटून घेण्याचा: वरची बिजागरी आहे तिथेच ठेवा आणि खालची 2 मिमी बाहेर काढा. मग वर 2 आणि खाली 2 दिसतील, चार एका जागी दिसण्यापेक्षा बरं. फक्त बिजागरीकडच्या कडेत कागदाचा तुकडा ठेवून शटर बंद करा. कागद सहज सुटला पाहिजे. अडकला तर शटर कपाटाला आधीच टेकतंय आणि बंद होताना परत उघडणार.

डिचोलीकर
पावसात पीळ आलेलं शटर जानेवारीत आपोआप सरळ होतं. आत्ता हात लावूच नये.

ओळंबा
काही होतात, काही होत नाहीत. आतून लायनर लॅमिनेट लावायचं तर मात्र तुमचंच बरोबर, फळी कोरडी झाल्यावरच. ओल्या फळीवर लावलं तर पीळ आतच कोंडला जातो.

कुळागर
दोन्ही शटर एका रेषेत आली. मधली फट वर 3, खाली 3. एकच राहिलं: डावं शटर उजव्यापेक्षा हळू बंद होतं, शेवटचं बोटभर अंतर रेंगाळतं. उजवं झटकन बसतं.

ओळंबा
दोन्हीकडचे कप बघा. काही बिजागऱ्यांवर डँपर बंद करायची छोटी कळ असते. हलक्या शटरला दोन्ही डँपर चालू असले की रेंगाळतं, मग एक बंद करतात. उजव्याची एक आधीच बंद केलेली असू शकते. कळ नसेल तर उजव्या शटरच्या एका बिजागरीतला डँपर गेला असेल. त्यात तेल भरता येत नाही, बिजागरी बदलावी लागते. बदलताना कपाजवळ कोरलेला नंबर आणि हाताचा बाक बघून तीच घ्या. तुमच्या शटरनी बाजूची फळी पूर्ण झाकली असेल तर झिरो क्रँक.

कुळागर
कळ दिसत नाही. उजव्याची वरची बिजागरी हाताने दाबली तर रोखतच नाही, खालची रोखते. नंबर गंजाने वाचता येत नाहीये, म्हापशाच्या बाजारात नमुना घेऊन जातो.

मोरजीचा_वारा
उजवा स्क्रू दोन फेरे झाला, वर 7 चे 2 राहिले. पुढे जड जातोय आणि वरची पट्टी घासल्याचा आवाज येतो. डावा कोपरा उतरवू की वरचा गाइड खाली घेता येतो?

ओळंबा
गाइडच्या बाजूला स्क्रू आहे का, की नुसती स्प्रिंग? फोटो टाका. तोवर उजवं चाक पाव फेरा मागे घ्या, घासत ठेवू नका.